इन्व्हर्टर की पॉवर स्टेशन : लाइट गेल्यावरचा हिशेब

दुकानात इन्व्हर्टरच्या बॅटरीवर १५० एएच असं लिहिलेलं असतं आणि शेजारच्या पॉवर स्टेशनच्या डब्यावर १०२४ वॉट-अवर. दोन्ही आकडे साठवलेल्या विजेचे आहेत, पण मोजमाप वेगळं असल्यामुळे तुलना होत नाही, आणि नेमकं इथेच गिऱ्हाईक गोंधळतं. तुलना करायची तर एएचला व्होल्टने गुणायचं. १५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-अवर, म्हणजेच १.८ युनिट. समोरच्या डब्यात १.०२ युनिट. बॅटरी जवळपास पावणेदोन पट मोठी दिसते आणि तरी सगळा संच चोवीस-पंचवीस हजारांत मिळतो. पॉवर स्टेशनला साठ हजारांपासून लाखापर्यंत मोजावे लागतात. मग प्रश्नच कुठे उरतो, असं वाटेल. उरतो, कारण बॅटरीवर छापलेली १.८ युनिट वीज घरात कधीच मिळत नाही.

ट्युब्युलर बॅटरीचा १५० एएच हा आकडा ती वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळणारा असतो. वीस तास म्हणजे सतत साडेसात अँपिअर, साधारण नव्वद वॉटचा भार. घरात लाइट गेल्यावर भार एवढा कमी क्वचितच असतो. शिशाच्या पट्ट्यांवरची रासायनिक क्रिया आणि पट्ट्यांमध्ये आम्ल मुरण्याचा वेग यांना मर्यादा असते. वीज घाईने ओढली की आतला माल पूर्ण वापरला जायच्या आधीच व्होल्टेज खाली येतं आणि इन्व्हर्टर शिट्टी वाजवून बंद पडतो. पाच तासांच्या वेगाने ओढली तर दीडशेची बॅटरी शंभर-सव्वाशेच्या घरात येते. त्यावर इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के वीज उष्णतेत घालवतो.

आता एक घर धरू. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावातलं, कौलारू, माणसं चार, त्यात एक वयस्कर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळलं. खांब आडवे झाले, रोहित्रं पडली आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या कित्येक गावांत वीज परत यायला आठवडे लागले. एरवी या घरात लाइट जाते ती दोन-चार तासांसाठी, पावसाळ्यात थोडी जास्त वेळा. म्हणजे या घराला दोन वेगळे आजार आहेत, एक रोजचा किरकोळ आणि एक क्वचित येणारा भारी. औषध एकच पुरेल का, हे बघायचं आहे.

लाइट गेल्यावर या घरात तीन पंखे, पाच एलईडी दिवे आणि वाय-फायचा राउटर चालू ठेवायचा आहे. साधा पंखा ७५ वॉटचा, म्हणजे तीन पंख्यांचे २२५. दिवे नऊ-नऊ वॉटचे, त्यांचे ४५. राउटर १०. एकूण २८० वॉट. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर बॅटरीतून ३३० वॉट निघतात, म्हणजे बारा व्होल्टवर सुमारे २७ अँपिअर. या वेगाने दीडशेची बॅटरी चार तासांच्या आसपास संपते. चार तासांच्या प्रत्येक खंडानंतर ती तळ गाठते, आणि तळ गाठणं हेच शिसे-आम्ल बॅटरीच्या आयुष्याला सगळ्यात घातक. अर्ध्यापर्यंत रिकामी करून पुन्हा भरत राहिलात तर चांगली ट्युब्युलर बॅटरी हजार-बाराशे वेळा साथ देते. दर वेळी पूर्ण उपसलीत तर निम्म्याच वेळा.

त्याच घरात १०२४ वॉट-अवरचं पॉवर स्टेशन लावलं तर सुमारे ८८० वॉट-अवर हाताला लागतात, कारण आतला इन्व्हर्टर काही वीज घेतोच. २८० वॉटच्या भारावर ते तीन तास चालेल, थोडी मिनिटं जास्त. मात्र लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलना तळ गाठण्याचा त्रास फारसा होत नाही आणि वीज घाईने ओढली म्हणून ती लक्षणीय घटतही नाही. म्हणजे डब्यावरचे १.८ आणि १.०२ हे आकडे प्रत्यक्षात बरेच जवळ येतात. बॅटरी जपून वापरली तर ते जवळजवळ सारखेच होतात.

याच ठिकाणी मला एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. यातलं काहीही विकत घ्यायच्या आधी पंखे बदला. बीएलडीसी पंखा पूर्ण वेगात तीस वॉटच्या आसपास घेतो आणि अडीच-तीन हजारांत येतो. तीन पंखे बदलले की या घराचा भार २८० वरून १४५ वॉटवर उतरतो. बॅटरीतून आता २७ ऐवजी १४ अँपिअर निघतात. वेग कमी झाल्यामुळे बॅटरीची क्षमताही वाढल्यासारखी होते, आणि चार तासांनंतर तिच्यातली जेमतेम चाळीस-पंचेचाळीस टक्के वीज संपलेली असते. पॉवर स्टेशन तीन तासांऐवजी सहा तास चालतं. नऊ हजारांच्या पंख्यांनी जे साधतं ते त्याहून महाग असलेल्या दुसऱ्या बॅटरीनेही साधत नाही, शिवाय वीजबिल उतरतं ते वेगळंच.

आता पैशांकडे येऊ. किमती गावागणिक आणि हंगामागणिक बदलतात, म्हणून मी गोल आकडे धरतो. तुम्ही तुमच्या दुकानातला भाव घालून हीच बेरीज करू शकता. साइन वेव्ह इन्व्हर्टर आठ हजार, ट्युब्युलर बॅटरी सोळा हजार. बॅटरी अर्ध्यापर्यंत वापरली तर दर खेपेला पाऊण युनिट मिळतं. हजार-बाराशे खेपांत साधारण आठ-नऊशे युनिटं. म्हणजे बॅटरीचा खर्च युनिटमागे अठरा-वीस रुपये, आणि जुनी बॅटरी एक्स्चेंजमध्ये देताना भंगाराचे काही हजार परत मिळतात म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. पॉवर स्टेशन पंचाहत्तर हजारांचं धरू. कंपनी ३००० सायकलनंतर ८० टक्के क्षमता उरेल असं सांगते. सरासरी घट धरून त्यातून चोवीसशे युनिटं निघतील. म्हणजे युनिटमागे तीस रुपयांच्या वर. बॅटरीच्या हिशेबात इन्व्हर्टरचे आठ हजार मिळवले, तरी तो दहा वर्षं चालत असल्यामुळे पारडं फिरत नाही.

विक्रेता ३००० सायकलचा आकडा पुढे करतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की महाग असलं तरी शेवटी स्वस्त पडेल. पण सायकल वापरल्या तरच वसूल होतात. आपल्या घरात वर्षाला चाळीस वेळा लाइट गेली तर दहा वर्षांत चारशे सायकल होतील. उरलेल्या सव्वीसशे सायकलचे पैसे भरलेले आहेत, पण त्या कधी वापरल्याच जाणार नाहीत. तोपर्यंत आतला पंखा, चार्जिंगचा भाग किंवा सर्किट म्हातारं होईल. ट्युब्युलर बॅटरीलाही हा नियम लागू आहे. लाइट फारशी गेली नाही तरी ती पाच-सहा वर्षांत वयानेच थकते. पण तिची किंमत सोळा हजार असते, पंचाहत्तर नव्हे.

वयाबद्दल आणखी एक. शिसे-आम्ल बॅटरीच्या बाबतीत सर्वसाधारण नियम असा की पंचवीस अंशांच्या वर दर दहा अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं होतं. त्यामुळे एकच बॅटरी महाबळेश्वरात जितकी टिकेल तितकी चंद्रपुरात टिकणार नाही, आणि जिन्याखाली बंद कपाटात कोंडलेली तर नाहीच. त्या कपाटाचा दुसरा धोका म्हणजे चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो, त्याला बाहेर जायला वाट हवी. लिथियमलाही उष्णता आवडत नाही. पॉवर स्टेशन गच्चीवर पॅनलशेजारी उन्हात ठेवलं की आतलं तापमान चढतं आणि ते चार्जिंग आपोआप थांबवतं. लोकांना वाटतं पॅनल खराब आहे. डबा सावलीत न्या, लांब वायर लावा, की पुन्हा सुरू होतं.

बिघाड ओळखण्यात ट्युब्युलर बॅटरी फार प्रामाणिक आहे. सहा सेल, सहा झाकणं, प्रत्येकात डोकावता येतं. पूर्ण चार्ज दाखवूनही वीस मिनिटांत इन्व्हर्टर शिट्टी देऊ लागला तर हायड्रोमीटर घ्या. चांगल्या भरलेल्या ट्युब्युलरमध्ये आम्लाची घनता १.२४० च्या आसपास असते. पाच सेल १.२३० दाखवतायत आणि एक १.१५० वर अडकलाय, तर तो सेल गेला. त्याचं पाणीही इतरांपेक्षा लवकर आटतं. डिस्टिल्ड वॉटरऐवजी नळाचं किंवा विहिरीचं पाणी घातलेल्या बॅटरीत हे लवकर होतं, कारण त्यातले क्षार पट्ट्यांवर बसतात. गावातला कोणताही बॅटरीवाला हे तपासून देतो आणि फक्त बॅटरी बदलतो, इन्व्हर्टर तसाच राहतो.

पॉवर स्टेशन बंद डबा आहे. पडद्यावरचा आकडा तीस टक्क्यांवरून एकदम शून्यावर आला तर आधी ते एकदा पूर्ण भरून पूर्ण उतरवावं, म्हणजे आतला हिशेब जुळतो. तरीही तसंच होत राहिलं तर सेलमध्ये तफावत पडलीय आणि डबा कंपनीकडे पाठवण्यावाचून इलाज नाही. सेल, इन्व्हर्टर, चार्जर, सोलरचा भाग, सगळं एकाच पेटीत असल्यामुळे एक बिघडला की सगळंच जागेवर थांबतं. मला या यंत्राची सगळ्यात मोठी उणीव हीच वाटते, किमतीहूनही मोठी. घेताना वॉरंटी किती वर्षांची हे सगळे विचारतात. दुरुस्ती कुठल्या शहरात होते आणि डबा तिथवर कोणी न्यायचा, हेही विचारायला हवं.

मग पॉवर स्टेशन घ्यावं कोणी? याचं उत्तर आपल्या घराच्या दुसऱ्या आजारात आहे.

वादळानंतर आठवडाभर लाइट नाही, अशी कल्पना करा. इन्व्हर्टर पहिल्या रात्री उत्तम चालेल. दुसऱ्या रात्री बॅटरी संपेल आणि तिथून पुढे तो संच निरुपयोगी होईल, कारण त्याला भरायला वीज हवी आणि ती घरापर्यंत येत नाही. आम्ल भरलेली दीडशेची बॅटरी पन्नास-साठ किलोंची असते. ती उचलून लाइट असलेल्या गावी नेणं शक्य नाही, आणि नेली तरी ती भरायला दहा-बारा तास लागतात. शिसे-आम्ल बॅटरी घाईने भरता येत नाही. शेवटचा पाव भाग तर फारच सावकाश भरतो. भाड्याचा जनरेटर आणला तरी तो दहा तास चालवावा लागेल.

एक युनिटवालं पॉवर स्टेशन बारा ते सोळा किलोंचं असतं आणि बरेचसे नवे नमुने भिंतीच्या सॉकेटवर तास-दीड तासात पूर्ण भरतात. तालुक्याच्या गावी लाइट आली असेल तर स्कूटरच्या पायाशी ठेवून न्या, ओळखीच्या दुकानात दीड तास लावा, परत आणा. जनरेटर असेल तर तोही दीडच तास चालवा आणि बंद करा. रात्री एक बीएलडीसी पंखा आठ तास, दोन दिवे पाच तास आणि चार फोन एवढं ठेवलं तर चारशे वॉट-अवर लागतात. त्यात डब्याच्या स्वतःच्या खर्चाचे शे-सव्वाशे मिळवा. एसी आउटपुटचं बटण चालू असलं की काहीही न लावता तो दर तासाला दहा-वीस वॉट-अवर खातो, म्हणून दिवसा ते बटण बंद ठेवायचं आणि फोन थेट यूएसबीवर लावायचे. असं केलं तर एका भरण्यात दीड रात्र निघते, काटकसर केली तर दोन.

विहिरीचा एक एचपीचा पंप मात्र दोन्हींपैकी कशावरही धरू नका. चालताना तो हजार वॉटच्या आसपास घेतो, पण सुरू होतानाचा झटका त्याच्या चार-पाच पट असतो आणि दोन्ही यंत्रं ओव्हरलोड दाखवून बंद होतात.

राहिला सूर्य. जाहिरातीत घडीचं पॅनल उघडलं की डबा भरतो. चैत्र-वैशाखाच्या स्वच्छ उन्हात ४०० वॉटचं पॅनल नीट कोनात ठेवलं तर दिवसाला दीड युनिटच्या वर देतं, म्हणजे आपला डबा पूर्ण भरून उरतो. पण कोकण किनाऱ्यावर वादळं येतात ती बहुधा मे-जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. निसर्ग गेलं आणि पाठोपाठ पावसाळा लागला. दाट ढगांत तेच पॅनल तीन-चार दशांश युनिटही मुश्किलीने देतं. म्हणून वादळासाठी सोलर हा दुय्यम आधार समजावा. तरीही रोज एवढं मिळालं तर फोन आणि दिवे चालतात, आणि तेही काही कमी नाही.

जोडणी करताना पॅनलच्या पाठीवरची चिठ्ठी वाचायलाच हवी. तिच्यावर ओपन सर्किट व्होल्टेज लिहिलेलं असतं. लहान-मध्यम पॉवर स्टेशनांची सोलर इनपुटची मर्यादा बहुधा साठ व्होल्टची असते, आपल्या डब्याची नेमकी किती ते पुस्तिकेत बघावं. छतावर लावतात ते ५४० वॉटचं पॅनल पन्नास व्होल्टच्या आसपास असतं, म्हणजे एक चालतं. दोन एकापुढे एक जोडली की शंभर व्होल्ट होतात आणि इनपुटचा भाग क्षणात जळतो. वॉरंटीही जाते. ती समांतर जोडली तर व्होल्टेज पन्नासच राहतं, अँपिअर वाढतात, आणि डबा त्यातले त्याला झेपतील तेवढेच ओढतो. थोडक्यात, जादा अँपिअर वाया जातात, जादा व्होल्ट मारतात. घरावर आधीच सूर्यघर योजनेतली पॅनल असतील तर ती या डब्याला जोडण्याचा विचार करू नका. त्या पॅनलांची माळ कित्येक शे व्होल्टची असते. शिवाय ग्रिडला जोडलेली ती साधी सोलर यंत्रणा लाइट गेली की सुरक्षेसाठी स्वतः बंद पडते. छतावर तीन किलोवॉट आणि घरात अंधार, हे पाहून अनेकांना धक्का बसतो, पण ती यंत्रणा ठरल्याप्रमाणेच वागत असते.

इन्व्हर्टरवाल्या घरातही सोलर आणता येतं, फक्त मधला चार्ज कंट्रोलर योग्य हवा. स्वस्तातला पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली ओढतो. ३३० वॉटचं पॅनल सदतीस व्होल्टला नऊ अँपिअरच्या आसपास देतं. पीडब्ल्यूएममधून बारा व्होल्टच्या बॅटरीत तेच नऊ अँपिअर जातात, पण तेरा व्होल्टला, म्हणजे एकशेपंधरा-वीस वॉट. उरलेले दोनशे वॉट पॅनलवरच राहतात. एमपीपीटी कंट्रोलर जास्तीचं व्होल्टेज अँपिअरमध्ये बदलून देतो आणि बहुतेक सगळी वीज बॅटरीत पोचवतो. पॉवर स्टेशनमध्ये एमपीपीटी आतच बसवलेला असतो, ही त्याची जमेची बाजू. इन्व्हर्टरसोबत पॅनल घेताना मात्र दुकानदाराला कंट्रोलर कुठला, हे विचारून घ्यावं लागतं.

रोज सोलरवर बॅटरी भरायची आणि रोज रात्री उतरवायची असा ज्यांचा बेत आहे, त्यांच्यासाठी ३००० सायकल खरोखर वसूल होतात. पण त्यांनीही पॉवर स्टेशन न घेता लिथियमला चालणारा सोलर इन्व्हर्टर आणि १०० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी असा सुटा संच बघावा. बॅटरी तीस हजारांच्या आसपास धरली तर तिचा खर्च युनिटमागे दहा-अकरा रुपयांवर येतो, तिन्हींत सर्वांत कमी, आणि बिघडलेला भाग एकटा बदलता येतो. जुन्या इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी तशीच जोडू नये. चार्जिंगचं सेटिंग लिथियमचं असलेलाच इन्व्हर्टर लागतो.

रायगडच्या त्या घराने आधी पंखे बदलावेत, मग ट्युब्युलरचा इन्व्हर्टर घरच्या वायरिंगला जोडून घ्यावा. लाइट गेली की पंखा आपोआप चालू राहतो, वयस्कर माणसाला अंधारात उठून प्लग शोधावा लागत नाही, ही सोय पॉवर स्टेशनला सहजी देता येत नाही. पैसे उरले तर वादळासाठी अर्ध्या युनिटचं छोटं पॉवर स्टेशन आणि एक पॅनल पुरेसं आहे. ते दर तीन महिन्यांनी भरून ठेवावं, रिकामं पडू देऊ नये. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने, ज्याला वायरिंगला हात लावता येत नाही आणि दोन वर्षांनी सामान हलवायचं आहे, त्याने मात्र सरळ पॉवर स्टेशन घ्यावं.

पॉवर स्टेशन घेतलंत तर त्यावर सगळं घर चालवण्यासाठी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून ती भिंतीच्या सॉकेटमध्ये खुपसू नका. मेन स्विच चालू राहिला तर ती वीज उलटी लाइनवर जाते, आणि वादळानंतर त्याच लाइनवर वायरमन काम करत असतो. घरच्या वायरिंगला जोडायचं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. नाहीतर डब्यावर एक्स्टेन्शन बोर्ड लावा आणि पंखा-दिवा त्यावरच चालवा.